दादाला पत्र, दुसऱ्यांदा लिहिलेलं

लष्कर, ग्वाल्हेर
20 मे 2025

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी रात्री तुला चार पानं लिहिली होती. ती पाठवली नाहीत. काल सकाळी चहा घेऊन पुन्हा वाचायला बसलो आणि ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द आलेली वाक्यं खोडत गेलो. एक वाक्य तर चक्क खोटं निघालं. घरासाठी तू कधीच खर्च केला नाहीस, असं मी लिहिलं होतं. खात्रीसाठी वही उघडली, तर 2022 सालचे मोटरचे 14,500 रुपये तुझ्याच नावावर. माझ्याच अक्षरात. ते वाक्य लिहिल्याबद्दल माफ कर.

आता जे आहे तेवढंच सांगतो.

देवघराच्या खोलीवरच्या छतातल्या दोन पटियांना तडा गेला आहे. त्यांच्यामधल्या सांध्यातला चुना झडला आहे. फटीत पाच रुपयांचं नाणं सहज शिरतं. मागच्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत खालचं पितळी घंगाळ काठोकाठ भरलं. आई तेव्हापासून मधल्या खोलीत झोपते. देव मी कोनाड्यात हलवले आहेत. मिस्त्री म्हणाला, दगड अजून खाली आलेला नाही, पण तडा भिंतीच्या टेकूपर्यंत पोचला आहे. आणखी एक पावसाळा तो काढेल, असं सांगायला तो तयार नाही.

त्याचा अंदाज असा: दोन नवे पटिये आणून वर चढवायचे 13,000, सगळ्या छताचे सांधे भरून वरचा थर 16,400, मजुरी 9,000. एकूण 38,400 रुपये. दुसऱ्या एका मिस्त्रीलाही बोलावलं होतं, तो 41,000 म्हणाला. पहिल्याला मी 6,000 आगाऊ दिले आहेत, पावती सोबत जोडली आहे. काम आठ दिवसांचं. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या अखेरीस येतो, म्हणून मिस्त्रीला 12 जूनला सुरुवात करायला सांगितलं आहे.

गेल्या दिवाळीत फोनवर अर्धा खर्च तुझा, असं आपलं ठरलं होतं. तुझा वाटा 19,200 रुपये होतो.

विनंती एकच. ही रक्कम 10 जूनपर्यंत माझ्या खात्यात टाक. एकदम जमत नसेल तर तसं कळव. निम्मे आत्ता, निम्मे ऑगस्टमध्ये दिलेस तरी काम अडणार नाही, मधली रक्कम मी सांभाळून घेईन. अजिबातच जमत नसेल तर तेही 1 जूनपर्यंत सांग, म्हणजे मला भिशीतून उचलायला वेळ मिळेल.

तड्याचे तीन फोटो आणि दोन्ही अंदाजपत्रकं तुझ्या फोनवर पाठवली आहेत. हिशेबात काही खटकलं तर मिस्त्रीशी थेट बोल, त्याचा नंबर फोटोंखाली आहे. रात्री नऊनंतर उचलतो.

आईची तब्येत ठीक आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ