सन 2024-25 च्या लेखापरीक्षेत आढळलेल्या अंतर्गत नियंत्रणातील उणिवांबाबत

दिनांक : 8 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. संचालक मंडळ,
जिनिंग व प्रेसिंग कारखाना,
ता. वणी, जि. यवतमाळ

महोदय,

31 मार्च 2025 रोजी संपलेल्या वर्षाची वैधानिक लेखापरीक्षा करताना कंपनीच्या अंतर्गत नियंत्रणात ज्या उणिवा आढळल्या, त्या लेखापरीक्षा मानक 265 नुसार आपणास लेखी कळवीत आहोत. आमची तपासणी वित्तीय विवरणपत्रांवर मत देण्यापुरती होती. त्यामुळे येथे नोंदलेल्या बाबींखेरीज अन्य उणिवा नाहीतच, असे कृपया समजू नये.

बहुतेक उणिवांचे मूळ एकच आहे. काटा पावती दिवाणजी फाडतात, भाव तेच लावतात, चुकारा तेच देतात, रोकड त्यांच्याच कपाटात असते आणि टॅलीतील नोंदही तेच करतात. त्यांच्या सचोटीबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु चूक झाली तर ती दुसऱ्या कोणाच्या नजरेस येण्याची सोय नाही, आणि उद्या कोणी बोट दाखवले तर दाखविण्यास त्यांच्याकडेही कागद नाही. काट्यावर वेगळा माणूस नेमावा आणि चुकारा एका संचालकाच्या सहीनंतरच व्हावा. माणसे कमी आहेत, ही अडचण आम्ही जाणतो. तरी किमान रोकड आणि टॅली हे दोन हात वेगळे करावेत.

13 फेब्रुवारी रोजी आम्ही अचानक रोकड मोजली, तेव्हा रोकडवहीत रु. 4,18,650 शिल्लक होती, प्रत्यक्षात रु. 3,62,400 निघाले. रु. 56,250 च्या या फरकापैकी रु. 51,250 हमाल व ड्रायव्हर यांना दिलेली उचल होती, तिच्या चिठ्ठ्या रबर लावून गल्ल्याच्या खणात ठेवलेल्या होत्या, उरलेल्या रु. 5,000 चे डिझेलचे बिल दुसऱ्या दिवशी सापडले. पैसे गेले नाहीत, हे खरे. परंतु त्या सायंकाळी रोकडवही खोटी होती, हेही तितकेच खरे. उचलीची नोंद त्याच दिवशी घ्यावी, आणि दर शनिवारी एका संचालकाने रोकड मोजून वहीवर सही करावी.

तपासलेल्या 40 काटा पावत्यांपैकी 11 पावत्यांवर गाडीचे रिकामे वजन प्रत्यक्ष न करता मागील पावतीवरून उतरविलेले दिसते. एका ट्रॉलीचे रिकामे वजन नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत दर खेपेस 2,310 किलो इतकेच आहे. ताडपत्री, दोर आणि मागे बसलेली माणसे लक्षात घेता हे संभवत नाही. यात नुकसान कधी कंपनीचे, कधी शेतकऱ्याचे. दोन्ही वजने काट्याच्या यंत्रावरूनच छापून निघावीत आणि रद्द पावतीच्या सर्व प्रती पुस्तकात राहाव्यात.

सर्वांत गंभीर बाब उताऱ्याची आहे. वर्षभरात 18,400 क्विंटल कापूस गाळला गेला. 170 किलोच्या 3,582 गाठी, म्हणजे सुमारे 6,089 क्विंटल रुई आणि 11,420 क्विंटल सरकी मिळाल्याची नोंद आहे. उरलेली सुमारे 891 क्विंटल, म्हणजे 4.84 टक्के, घट दाखविली आहे. आपल्याच मागील दोन वर्षांत ती 3 टक्क्यांच्या आत होती. जादा घट सुमारे 338 क्विंटल होते. ती सारी सरकीतील धरली, तर रु. 3,300 च्या भावाने रक्कम अकरा लाखांवर जाते. कापसातील ओल किंवा मातेरे हे कारण असू शकेल. परंतु सरकीच्या गाड्या रात्री साध्या चिठ्ठीवर बाहेर पडतात, तोवर ते सिद्ध करता येणार नाही. फाटकावर क्रमांकित गेटपास सुरू करावा, आणि रोजचा उतारा त्याच दिवशी काढून संचालकांपुढे ठेवावा.

खेड्यातील व्यापाऱ्यांकडून घेतलेला काही माल शेतकऱ्यांच्या नावे लिहिला आहे, असे कागदपत्रांवरून वाटते. एका दिवसात एका व्यक्तीस रु. 10,000 पेक्षा अधिक रोख देण्यास आयकर कायद्याच्या कलम 40अ(3) मधून मिळणारी सूट शेतमाल पिकविणाऱ्यास दिलेल्या रकमेपुरती आहे, व्यापाऱ्यास नाही. शिवाय शेतकऱ्याच्या कापसावरील जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनीनेच भरावयाचा असल्याने वर्गवारी चुकली की दोन्ही करांत चूक होते. पावतीस चालू हंगामाचा पेरा दाखविणारा सातबारा जोडावा आणि चुकारा शक्यतो बँक खात्यातच करावा.

टॅलीचा पासवर्ड तिघे वापरतात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. पण तिघांचे नाव एकच असेल तर बदल कोणी केला, हे त्या नोंदीतूनही कळत नाही. प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड द्यावा. आगीच्या विम्याची रक्कमही दोन वर्षांपूर्वीचीच आहे, जानेवारीतील साठा तिच्यापेक्षा बराच अधिक होता. नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी ती वाढवून घ्यावी.

प्रत्येक बाबीवर काय करणार, कोण करणार आणि कधीपर्यंत, हे 30 सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावे. उताऱ्याबाबतचा खुलासा मात्र आमच्या अहवालावर सही होण्यापूर्वी, म्हणजे 15 सप्टेंबरच्या आत, हवा आहे. हे पत्र केवळ संचालक मंडळाच्या उपयोगासाठी आहे.

आपला विश्वासू,
चार्टर्ड अकाउंटंट
वैधानिक लेखापरीक्षक, यवतमाळ