बाबू, तुझ्या टेस्टचा हिशोब: काय कच्चं आहे अन् आधी काय धरायचं

बाबू, ॲपवर दिलेल्या टेस्टचे तुझे तीनही स्क्रीनशॉट नीट पाहिले. पहिल्यावर फक्त 52/100 अन् तो लाल गोल होता, त्यातून काही कळत नाही. तो सगळ्यांना पाठवून 'आपलं काही खरं नाही' म्हणणं बंद कर. कामाचा आहे तिसरा, ज्यात प्रश्न क्रमांक, रंग अन् प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ आहे. तो अन् तू पाठवलेले चुकलेल्या प्रश्नांचे फोटो शेजारी ठेवून एकेक प्रश्न वहीत उतरवला.

आधी ॲपनं दिलेला हिशोब:

मराठी व्याकरण (1 ते 25): 11 बरोबर, 14 चूक, सोडलेला एकही नाही. 12 मिनिटं.
गणित (26 ते 50): 10 बरोबर, 7 चूक, 8 सोडले. 41 मिनिटं.
बुद्धिमत्ता (51 ते 75): 17 बरोबर, 5 चूक, 3 सोडले. 25 मिनिटं.
सामान्य ज्ञान (76 ते 100): 14 बरोबर, 11 चूक, सोडलेला एकही नाही. 9 मिनिटं.

हे पाहून तू म्हणशील, गणितात सगळ्यात कमी, मग गणितच धरतो. थांब. गणितात तुझे 8 प्रश्न चुकले नाहीत, राहिले. मराठीत एकही राहिला नाही, 14 सरळ चुकले, अन् तेही 12 मिनिटांत. म्हणजे मराठी तू वाचलंच नाहीस, 'आपली भाषा आहे' म्हणून ठोकत गेलास. दोन्हीचं औषध वेगळं आहे.

आता ॲप जे सांगत नाही ते. 25 लाल प्रश्नांसमोर मी 'न' लिहिला, म्हणजे येतच नाही. बाकी 12 समोर 'ग', म्हणजे येतं पण गडबड झाली. राखाडी 11 समोर 'वे', वेळ पुरला नाही.

मराठीचे 14 असे फुटतात: समास 4, प्रयोग 4, म्हणी-वाक्प्रचार 3, संधी 2, वृत्त 1. समासाचे चारही द्वंद्वाचेच आहेत, हे तुझ्या लक्षात आलं का? 'मीठभाकर'ला तू इतरेतर टाकलं, 'खरेखोटे'ला समाहार. तत्पुरुष, बहुव्रीही, द्विगू सगळे बरोबर. म्हणजे समास कच्चा नाही, द्वंद्वाचे तीन प्रकार कच्चे आहेत. विग्रह करून पाहा: 'आई आणि वडील' इतरेतर, 'खरे किंवा खोटे' वैकल्पिक, 'मीठ, भाकर वगैरे' समाहार. अर्ध्या तासाचं काम आहे अन् 4 मार्क अडकले आहेत.

प्रयोगात एकच खड्डा. 'शिपायाने चोराला पकडले' याला तू कर्मणी म्हटलं. कर्त्याला 'ने' दिसला की तू कर्मणी ठोकतोस. पण कर्मालाही 'ला' लागलाय, क्रियापद कर्त्याकडेही पाहत नाही अन् कर्माकडेही, म्हणून भावे. 'शिपायाने चोर पकडला' असतं तर कर्मणी. चोराऐवजी 'चोरटी' घालून पाहा: 'शिपायाने चोरटी पकडली', पण 'शिपायाने चोरटीला पकडले'. पहिल्यात क्रियापद बदललं, दुसऱ्यात नाही. हीच परीक्षा घे, नियम पाठ नको करू.

गणितात चुकलेले: नफा-तोटा 3, काळ-काम 2, सरासरी 1, लसावि-मसावि 1. सोडलेले: वेग-वेळ-अंतर 4, व्याज 3, क्षेत्रफळ 1. नफ्याचे तिन्ही एकाच चुकीनं गेले. '20 टक्के नफ्यानं 600 ला विकलं, खरेदी किती?' तू 600 चे 20 टक्के काढून 480 लिहिलं. नफा खरेदीवर असतो लेका, विक्रीवर नाही. 600 म्हणजे 120 टक्के, मग 100 टक्के 500. बाबा कापसाचा हिशोब तोंडी करतात, त्यांना विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

रेल्वेच्या 38 नंबरच्या प्रश्नावर तू सव्वातीन मिनिटं बसलास अन् शेवटी सोडला. 150 मीटरची गाडी, 300 मीटरचा पूल, ताशी 54 किमी. 54 ला 5/18 ने गुणलं की सेकंदाला 15 मीटर, एकूण अंतर 450, उत्तर 30 सेकंद. तू पुलाची लांबी धरली, गाडीची विसरला, पर्यायात उत्तर नाही म्हणून घोळत राहिलास.

बुद्धिमत्तेत घड्याळ-दिनदर्शिका 3, दिशा 1, नातेसंबंध 1 चूक. बैठक व्यवस्था 2, आकृती मोजणी 1 राहिले. दिनदर्शिकेत तू 1900 लीप वर्ष धरलं. शतकाच्या वर्षाला 400 ने भाग गेला पाहिजे, 2000 लीप आहे, 1900 नाही.

सामान्य ज्ञानात राज्यघटना 4, महाराष्ट्राचा भूगोल 3, चालू घडामोडी 3, समाजसुधारक 1. 73 वी अन् 74 वी घटनादुरुस्ती तू उलटी टाकली: 73 वी पंचायतराज, 74 वी नगरपालिका. अन् वर्धा-वैनगंगेच्या संगमानंतर नदीचं नाव प्राणहिता होतं, हे चुकवायला तुला लाज कशी नाही वाटली? रोज वर्धा नदीच्या काठानं धावतोस!

एक चोरटी जागा अजून आहे. हिरव्यांपैकी 81, 88 अन् 93 वर तू चार-पाच सेकंदच थांबलास. ते तुक्के आहेत. तिन्ही राज्यघटनेचे. म्हणून त्या विषयात तुझं खरं कच्चेपण 4 नाही, 7 आहे. खाली दिलेल्या क्रमात तो वर आला तो यामुळेच.

आता क्रम. कापूस वेचणी चालू आहे, दिवसा तुला वेळ नाही. लाईन रात्री असते तेव्हा मोटर चालू करायलाही तूच जातोस. म्हणून संध्याकाळी दीड तास धरला आहे, त्यापेक्षा जास्त लिहिलं तर तू करणार नाहीस.

पहिलं द्वंद्व समास अन् प्रयोग, 8 मार्क. दोन संध्याकाळी.
मग शेकडेवारी पुन्हा, त्यावर नफा-तोटा, त्यावर व्याज. हा क्रम मोडू नको, एकावर एक उभं आहे. 6 मार्क, चार संध्याकाळी.
नंतर राज्यघटना: भाग 3 चे मूलभूत हक्क, भाग 4 ची मार्गदर्शक तत्त्वं, 51-क ची कर्तव्यं, 42, 73, 74 व्या दुरुस्त्या. एवढंच, आख्खं पुस्तक नको.
मग वेग-वेळ-अंतर, त्यातही रेल्वे आधी, बोट-प्रवाह नंतर.
मग दिनदर्शिका, घड्याळ, भूगोल.
काळ-काम, बैठक व्यवस्था, संधी त्यानंतर.

वृत्त, मसावि, नातेसंबंध, आकृती असे एकेक प्रश्नवाले आता पूर्णपणे सोड. समाजसुधारकही. चालू घडामोडी अन् म्हणी या रांगेत बसत नाहीत: पेपर रोज दहा मिनिटं, म्हणी रोज पाच, सकाळी ग्राऊंडवरून आल्यावर.

दर रविवारी नवा पेपर लाव, तोच जुना नको, उत्तरं लक्षात राहतात. गणिताला 30 मिनिटांवर एक सेकंद देऊ नको, दीड मिनिटात सुटलं नाही की पुढे जा. वाचलेला वेळ मराठीला लाव, प्रत्येक पर्याय वाच. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत एकही राखाडी ठेवू नको. पण तुक्का मारलेल्या प्रश्नाचा नंबर कागदावर लिहून ठेव.

अन् पुढच्या वेळी स्क्रीनशॉट पाठवताना वेळेचा रकाना कापू नको. या वेळी भूगोलाचा अर्धा कापला गेला आहे, तेवढा आज रात्री रेंज आली की पाठव.