तडजोडनाम्याच्या तारखा: म्हापशाचं दुकान, कोलवाळचं गोदाम

३० जून २०२५, म्हापसा

दादा, धाकट्या बंधूंशी केलेला तडजोडनामा १२ जूनला सही झाला आणि २० जूनला दिवाणी न्यायालयाने त्यावर हुकूमनामा केला. प्रमाणित प्रत आपल्याला २७ जूनला मिळाली. या तीन तारखा डोक्यात ठेवा. करारात कुठे ‘हुकूमनाम्यापासून’ म्हटलंय, कुठे ‘प्रत मिळाल्यापासून’, आणि प्रत्येक मुदत वेगळ्या दिवसापासून मोजायची आहे. जिथून मोजायचं तो दिवस मी धरलेला नाही, मोजणी दुसऱ्या दिवसापासून केलीय.

काही तारखा पक्क्या आहेत, त्या दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहा. काही आधीच्या घटनेवर लटकलेल्या आहेत, त्या पेन्सिलीने. ती घटना घडली की मला त्याच दिवशी फोन करा, मग पुढची तारीख पक्की करू. पैशांचं काम तुमच्याकडे, कागदांचं मुलाकडे, असं धरून लिहितोय.

धाकट्यांना द्यायची एकूण रक्कम ३६ लाख. पहिले ६ लाख सहीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने दिले, पावती फाइलमध्ये आहे. उरले १०-१० लाखांचे तीन हप्ते.

१५ जुलै, मंगळवार (पेन). धाकटे बंधू आज, ३० जूनपासून भागीदारीतून निवृत्त होतात (कलम ३). जीएसटी नोंदणीत भागीदारांचा बदल १५ दिवसांत कळवावा लागतो. ही मुदत करारात नाही, जीएसटीच्या नियमांतली आहे, म्हणून वकिलांच्या यादीतून ती नेहमी सुटते. मुलाने अकाउंटंटला याच आठवड्यात निवृत्तीचा दस्त द्यावा. बँकेतली सह्यांची परवानगीही त्याच दिवशी बदलून घ्यायची.

१८ जुलै, शुक्रवार (पेन). दुसरा हप्ता, १० लाख. इथे जरा थांबा. कलम ४.१ म्हणतं हुकूमनाम्यापासून ३० दिवस, म्हणजे २० जुलै. मागच्या अनुसूचीत मात्र २१ जुलै छापलंय. मी आधीची तारीख धरलीय आणि समोरच्या वकिलांना तसं पत्र टाकतोय. २० जुलै रविवार. तुम्ही म्हणाल, आरटीजीएस रविवारीही होतं. होतं, पण कलम ४.३ प्रमाणे हप्ता सुट्टीच्या दिवशी आला तर तो *आधीच्या* कामकाजाच्या दिवशी द्यायचा. सहसा उलट लिहितात, पुढच्या दिवशी. इथे तसं नाही. शनिवार १९ तारखेचा तिसरा आहे, बँक उघडी असेल, तरी एक दिवस हातात ठेवून शुक्रवारीच पाठवा. व्यवहाराचा यूटीआर नंबर मला द्या.

हमी म्हणून दिलेल्या तीन चेकांपैकी या हप्त्याचा चेक धाकट्यांनी सात दिवसांत परत करायचा आहे. १८ ला पैसे गेले तर २५ जुलैपर्यंत. २६ ला चेक हातात नसेल तर मी लेखी मागणी करीन. पैसे देऊनही चेक समोरच्याकडे पडून राहणं मला अजिबात आवडत नाही.

२७ जुलै, रविवार (पेन). निवृत्तीची जाहीर नोटीस, प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत (कलम ३.४). रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला कळवणं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी किंवा कोकणी वृत्तपत्रात छापणं, असं तिन्ही हवं. ही नोटीस निघेपर्यंत धाकट्यांनी फर्मच्या नावाने कोणाशी व्यवहार केला तर तो फर्मच्या गळ्यात पडू शकतो. मजकूर ४ जुलैला देतो.

२ ऑगस्ट, शनिवार (पेन्सिल). गोदामाचा ताबा. दुसरा हप्ता मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी कोलवाळचं गोदाम रिकामं करून किल्ली द्यायची. मुदत त्यांची, पण काम तुमचंही आहे: किल्ली घेताना वीज मीटरच्या आकड्याचा फोटो, रिकाम्या गोदामाचे फोटो आणि दोघांच्या सहीचा ताबापंचनामा. त्या दिवसापर्यंतचं वीजबिल त्यांच्याकडे. भर पावसात लोखंड आणि पत्रे हलवायचे आहेत, तेव्हा मुदतवाढ मागितली जाईल असं मी धरूनच चाललोय. कलम ६.२ मध्ये एकदाच सात दिवस आहेत, तेही मुदत संपण्याआधी लेखी मागितले तर. तोंडी ‘बरं बरं’ म्हणू नका.

१ सप्टेंबर, सोमवार (पेन्सिल). तिसरा हप्ता, १० लाख. सगळ्यात फसवी तारीख हीच. ताबा मिळाल्यापासून ३० दिवस किंवा १५ सप्टेंबर, जे आधी येईल ते. ताबा २ ऑगस्टला मिळाला तर १ सप्टेंबर. सात दिवस वाढवून ९ ऑगस्टला मिळाला तर ८ सप्टेंबर. पण त्यांनी घाई करून २५ जुलैलाच किल्ली दिली तर? मग ३० वा दिवस २४ ऑगस्ट, रविवार. आदला २३ हा चौथा शनिवार, बँक बंद. म्हणजे हप्ता २२ ऑगस्टच्या शुक्रवारी. चवथ २७ ऑगस्टला आहे, बाजारातला पैसा तेव्हा माटोळीत आणि फटाक्यांत अडकलेला असतो, उधारी वसूल होत नाही. म्हणून १५ ऑगस्टपर्यंत दहा लाख वेगळे काढून ठेवा. घरचा गणपती सात दिवसांचा आहे हे मला ठाऊक आहे. १ सप्टेंबरला पूजेच्या गडबडीत विसरू नका.

उशीर झाला तर काय? सात दिवसांची सवलत आहे. आठव्या दिवशी मात्र व्याज मूळ तारखेपासून लागतं, दरसाल १२ टक्के. दहा लाखांवर दिवसाला सुमारे ३२९ रुपये, आठ दिवसांचे २,६३० च्या आसपास. व्याज परवडेल. खरा धोका कलम ८ चा: नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत हप्ता नाही भरला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देणं होते. आणि नोटीस ईमेलवर आली तरी ती मिळाली असं धरायचं ठरलंय. फर्मचा ईमेल मुलाने रोज सकाळी बघावा, स्पॅमसकट.

१ डिसेंबर, सोमवार (पेन). हक्कसोड दस्ताचा मसुदा शेवटच्या हप्त्याच्या ३० दिवस आधी आपण द्यायचा. माझं काम. त्याआधी ३० नोव्हेंबरपर्यंत धाकट्या वहिनींनी स्वतः यायचं की मुखत्यारपत्र द्यायचं, हे लेखी कळवायचंय. गोव्यातल्या कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मालमत्तेत त्यांचा अर्धा वाटा आहे, त्यांच्या सहीशिवाय दस्त लुळा. त्या पुण्याला नोकरीला आहेत. मुखत्यारपत्र द्यायचं झालं तर त्या राहतात तिथल्या सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित करून घ्यावं, नुसतं नोटरी केलेलं मी घेणार नाही. तुमच्या घरच्या वहिनींचीही सही लागेल, त्यांना आताच सांगून ठेवा.

३१ डिसेंबर, बुधवार (पेन). चौथा हप्ता, १० लाख, आणि दस्त. दोन्ही एकाच वेळी, म्हापशाच्या सब-रजिस्ट्रारसमोर. दस्त नाही तर पैसे नाहीत, कलम ४.५. ३, १९ आणि २५ डिसेंबर गोव्यात सुट्टीचे, वर्षअखेरीची गर्दी वेगळी. मी २९ ची वेळ घेतोय. उरलेले चेक त्याच टेबलावर परत.

३० जानेवारी २०२६, शुक्रवार (पेन्सिल). दस्तापासून ३० दिवसांत फॉर्म १ व १४ वरचं नाव बदलण्यासाठी मामलेदाराकडे अर्ज. दस्त २९ लाच झाला तर ही मुदत २८ ला संपते.

२० जून २०२७. तोवर धाकट्यांनी म्हापसा पालिकेच्या हद्दीत हार्डवेअरचं दुकान घालायचं नाही (कलम ९). हद्दीबाहेर, पर्रा किंवा गिरीला घातलं तर चालतं. दादा, तसं झालं तर माझ्याकडे भांडायला येऊ नका.