कंत्राटी मास्तर की कायम मास्तर? छोटासा आढावा

आमच्या नागपुरात शिक्षण सेवक म्हणून लागलेल्या पोरीला पहिली 3 वर्षं मानधनच, प्राथमिकला 2023 पासून 16 हजार, आधी तर फक्त 6 हजार होतं, आणि शेजारच्याच वर्गातल्या कायम मॅडमचा पगार त्याच्या कितीतरी पट, काम मात्र तेच.

आता पोरांचं काय होतं ते बघा. आंध्रातल्या खेड्यांत मुरलीधरन आणि सुंदररामन या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून 100 शाळांना एकेक जास्तीचा कंत्राटी शिक्षक दिला, तिथली मुलं गणितात अन् भाषेत पुढे गेली, कंत्राटीवाले कायमपेक्षा कमी दांड्या मारायचे अन् पगार साधारण पाचवा हिस्सा. केनियातही कंत्राटी शिक्षक नेमायचं काम एनजीओने राबवलं तेव्हा जमलं, सरकारने राबवलं तेव्हा फायदाच दिसला नाही, पगार उशिरा व्हायचे हेही त्यात होतं.

उलट इंडोनेशियात कायमवाल्यांचा मूळ पगार दुप्पट केला, शिक्षक खूश झाले पण मुलांचे मार्क काही वाढले नाहीत.

तरीही कंत्राटी स्वस्तात पडतो म्हणून तेच ठेवा, हे मला अजिबात पटत नाही. ती पोरगी जीव तोडून शिकवते ते कायम होण्याच्या आशेवर, ती आशाच काढून घेतली तर कशाच्या जोरावर शिकवेल हो ती?