नव्या शेअरचा भाव कमी धरला का? अरविंदकाकांच्या पत्राला उत्तर

पुणे, 12 ऑक्टोबर 2025

आदरणीय अरविंदकाका,
सा. न. वि. वि.

7 नोव्हेंबरच्या विशेष सर्वसाधारण सभेची सूचना वाचून तुम्ही पाठवलेलं पत्र मिळालं. 10 रुपये दर्शनी किमतीचा शेअर 1,240 रुपये प्रीमियम धरून नव्या गुंतवणूकदारांना 1,250 ला द्यायचा, म्हणजे सगळी कंपनी 15 कोटींची धरायची, हा भाव तुम्हाला फार कमी वाटतो. 2021 मध्ये आपलं पहिलं यंत्र तासगावच्या एका बेदाणा शेडमध्ये नुसतं उभं होतं, तेव्हा तुम्ही 6 लाख रुपये घातलेत. तुम्हाला हिशोब विचारायचा पूर्ण हक्क आहे, म्हणून सगळे आकडे मांडते.

तुमचा पहिला मुद्दा असा, की शेतीतल्या एका तंत्रज्ञान कंपनीला विक्रीच्या आठपट मूल्य मिळालं, आणि आपण 2024-25 ची 4.2 कोटींची विक्री असताना साडेतीनपटीवर थांबलो. ती कंपनी सॉफ्टवेअर विकते. एकदा बनवलेलं सॉफ्टवेअर दहाव्या गिऱ्हाइकाला द्यायला तिला जवळजवळ काही खर्च येत नाही. आपण शेडमधली आर्द्रता आणि हवा सांभाळणारी यंत्रं बनवतो. शंभर रुपयांच्या विक्रीतले 69 रुपये सुटे भाग, जोडणी आणि बसवणुकीत जातात. शिवाय आपला माल डिसेंबर-जानेवारीत शेडवर जातो आणि शेतकरी पैसे देतो ते बेदाण्याचे सौदे झाल्यावर. मार्चअखेर आपले 1.6 कोटी रुपये असेच बाहेर होते. विक्री वाढली की ही अडकलेली रक्कमही वाढते. म्हणून यंत्रं विकणाऱ्या कंपनीला सॉफ्टवेअरची पट लावली, तर तो भाव कागदावरच राहतो.

मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घेतलं आहे. कंपनी कायद्याप्रमाणे निवडक लोकांना शेअर देताना त्यांच्या अहवालापेक्षा कमी भाव लावता येत नाही. त्यांनी पुढच्या पाच वर्षांत हाती येणारी रोकड आजच्या किमतीत आणून शेअरचं मूल्य 1,186 रुपये काढलं. आपण 1,250 घेतोय. पुढची रोकड आजच्या किमतीत आणताना सूट-दर 24 टक्के का धरला, असं तुम्ही विचारलंत. तो 18 धरला तर भाव 1,640 पर्यंत जातो, तेव्हा प्रश्न अगदी योग्य आहे. पण आपली 81 टक्के विक्री सांगली, सोलापूर आणि नाशिक या तीनच जिल्ह्यांत आहे, आणि तीही द्राक्षाच्या एकाच पिकावर. घड सुटायच्या वेळी अवकाळी पाऊस आला, तर शेतकरी त्या वर्षी यंत्राचा विचारच करत नाही. हा धोका 18 टक्क्यांत मावतो असं मलाही वाटत नाही. मूल्यांककाने दर ठरवला तेव्हा मी त्यावर दीड तास वाद घातला होता, आणि शेवटी मला त्यांचं पटलं.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. जूनमध्ये एका फंडाने 1,900 चा भाव देऊ केला होता, तो का सोडला? त्या भावामागच्या अटी तुमच्यापर्यंत पोचल्या नसाव्यात. त्यांना प्रेफरन्स शेअर हवे होते. कंपनी विकली गेली, तर आधी त्यांनी घातलेल्या पैशाची दुप्पट त्यांना मिळणार, आणि उरलेल्या रकमेतही ते आपल्याबरोबर वाटा घेणार. पैसे उभारायची पुढची फेरी कमी भावाने झाली, तर त्यांचा भाव आपोआप त्या पातळीवर उतरणार आणि फरकाचे शेअर आपल्या वाट्यातून जाणार.

समजा कंपनी 12 कोटींना विकायची वेळ आली. फंडाचे 3 कोटी 1,900 ने घेतले असते, तर 6 कोटी आधी त्यांचे. उरलेल्या 6 कोटींतही त्यांचे सुमारे 70 लाख. बाकी सगळ्यांच्या 1,20,000 शेअरना 5.3 कोटी, म्हणजे शेअरमागे साधारण 442 रुपये. तुमच्या 2,400 शेअरचे 10.6 लाख. या फेरीतल्या नव्या गुंतवणूकदारांनी घातलेले पैसे एकदाच परत घ्यायचे किंवा आपल्याप्रमाणे वाटा घ्यायचा, यातलं एक निवडायचं आहे. त्याच 12 कोटींत ते 3 कोटी घेतील, आपल्याला 9 कोटी उरतील, शेअरमागे 750 रुपये. तुमचे 18 लाख. 1,900 चा प्रस्ताव तुम्हाला फायद्याचा ठरायला कंपनी 105 कोटींच्या पुढे विकली जायला हवी. तिथवर पोचायची माझी इच्छा आहेच, पण तुमच्या पैशाची सुरक्षितता त्या एका शक्यतेवर टांगायला मी तयार नाही.

प्राप्तिकराच्या भीतीने भाव दाबला का, असंही तुम्ही विचारलंत. नाही. वाजवी मूल्यापेक्षा जास्त प्रीमियम घेतला तर कंपनीच्या हातात कर लावणारी तरतूद, ज्याला सगळे एंजल टॅक्स म्हणायचे, ती 2012 मध्ये आली आणि 2024 च्या अर्थसंकल्पात काढून टाकली गेली. या फेरीला ती लागूच नाही.

कमी भावाचा सगळ्यात मोठा फटका मलाच बसतो. माझे 62,000 शेअर आज 51.67 टक्के आहेत. 24,000 नवे शेअर दिल्यावर 43.06 टक्के होतील. माझ्याकडचं साधं बहुमत जातंय. या फेरीत मी एकही शेअर विकत नाही, माझा पगार वाढत नाही, आणि गुंतवणूकदारांमध्ये माझं नात्यातलं कुणी नाही. बँकेत आज 78 लाख आहेत, महिन्याचा खर्च 21 लाख. हंगामासाठी सेन्सर आणि मोटारी नोव्हेंबरमध्येच मागवाव्या लागतात. फेब्रुवारीपर्यंत थांबून भाव वाढवून घेऊ म्हटलं, तर शेडवर द्यायला यंत्रंच नसतील. आणि हंगाम गेलेल्या कंपनीला 1,250 सुद्धा कुणी देणार नाही.

तुमचा वाटा 2 टक्क्यांवरून 1.67 होतोय, हे खरं आहे. म्हणूनच 24,000 पैकी 1,200 शेअर जुन्या भागधारकांसाठी मागून घेतले. सूचनेच्या स्पष्टीकरणात ते दिलंय. मुख्य गुंतवणूकदाराला हे पटवायला दोन बैठका लागल्या. 2 टक्के टिकवायला तुम्हाला 480 शेअर, म्हणजे 6 लाख रुपये लागतील, त्याच 1,250 भावाने आणि त्याच हक्कांसह. भाव कमी आहे असं तुमचं मत कायम असेल, तर तो तुम्हालाही मिळावा. ठराव झाल्यावर तुमच्या नावाने प्रस्तावपत्र येईल. रक्कम तुमच्याच खात्यातून यायला हवी, मुलाच्या खात्यातून चालणार नाही.

मूल्यांकन अहवाल आणि वरची गणितं असलेली एक्सेल फाइल सोबत जोडली आहे. सूट-दराचा रकाना बदलून पाहा, भाव कसा हलतो ते दिसेल. जूनच्या प्रस्तावाचं पत्र गोपनीयतेमुळे मेलने पाठवता येत नाही, पण ऑफिसमध्ये तुम्हाला संपूर्ण वाचायला देईन. मी 25 ऑक्टोबरला मिरजेत आहे. तुम्ही म्हणाल त्या वेळी घरी येते. मूल्यांककांनाही फोनवर घेऊ.

विशेष ठरावाला विरोधातल्या मतांच्या तिप्पट मतं बाजूने लागतात. हे सगळं पाहूनही तुम्हाला विरोधात मत द्यावंसं वाटलं तर जरूर द्या आणि कारण इतिवृत्तात नोंदवायला सांगा. मी ते शब्दशः नोंदवून घेईन.

काकूंना नमस्कार.

आपली,
सायली


सोबत: मूल्यांकन अहवाल, भागधारकांचा तक्ता (फेरीआधी व नंतर), विक्री-वाटपाची गणितं