टेरेस वॉटरप्रूफिंग व बाहेरील प्लास्टर दुरुस्तीच्या निविदेत भाग घेऊ शकत नसल्याबाबत

दि. 16 फेब्रुवारी 2026
धायरी, पुणे

प्रति,
मा. सचिव मॅडम व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कर्वेनगर, पुणे

संदर्भ: आपले दि. 9 फेब्रुवारीचे निविदा मागणीचे पत्र

स.न.वि.वि.

आपल्या तिन्ही इमारतींच्या टेरेस वॉटरप्रूफिंगसाठी आणि बाहेरच्या भिंतींच्या प्लास्टर व रंगकामासाठी आपण आठवणीने मला निविदेचा संच पाठवलात, त्याबद्दल आभारी आहे. पाच वर्षांपूर्वी आपल्याकडे जिन्याच्या डक्टचं काम केलं होतं. त्यावरून आपण या कामालाही नाव सुचवलंत, याचा आनंद आहे. तरीही ही निविदा मी भरणार नाही. कारण सरळ आहे: सध्या हातात असलेली कामं पूर्ण केल्याशिवाय नवं काम घ्यायला माझ्याकडे माणसंच नाहीत. 28 तारखेपर्यंत वाट पाहायला लावून मग नाही म्हणण्यापेक्षा आजच कळवतो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारायला वेळ मिळेल.

आज वारज्यात एका सोसायटीचं बाहेरचं प्लास्टर अर्ध्यावर आहे. परांची बांधलेली आहे आणि तिचं भाडं चालू आहे. सिंहगड रोडला दोन टेरेसचा कोबा टाकायचा आहे. शिवाय हवेली तालुक्यातल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहांचं काम आहे. त्याचं बिल 31 मार्चच्या आत लागलं नाही तर पैसे पुढच्या आर्थिक वर्षात जातात, हे सरकारी काम केलेला कोणीही सांगेल. माझ्याकडे कोब्याचा जम असलेले मिस्त्री दोनच आहेत. बाकी गवंडी, बिगारी मिळतात, पण उतार काढून, विटांचे तुकडे नीट बसवून, कडेला गोलाई देऊन वाटा काढणारा माणूस नाक्यावर उभा सापडत नाही. त्यात होळी मार्चच्या सुरुवातीलाच आहे. बिहार आणि कलबुर्गीकडची पोरं गावाला जातात, आणि गेलेली सगळी परत येतातच असं नाही.

आता आपल्या निविदेची वेळ पाहू. काम 1 एप्रिलला सुरू आणि 60 दिवसांत पूर्ण, उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का कपात. अट रास्त आहे, पावसाआधी काम संपायलाच हवं. पण तिन्ही टेरेस मिळून सुमारे 13,500 चौरस फूट भरतात. जुना कोबा फोडायचा, राबिट गोण्यांत भरून खाली उतरवायचं, स्लॅबच्या भेगा भरायच्या आणि मग नवा कोबा. एक गँग दिवसाला साधारण 450 चौरस फूट कोबा टाकते, म्हणजे नुसत्या टाकण्यालाच महिना जातो. त्यापुढे पाणी मारणं आलंच. सध्याच्या सिमेंटला उन्हाळ्यात किमान 10 दिवस ओलावा हवा, आमच्यासारखे दोन आठवडे धरतात. मग पाणी साठवून चाचणी. हे सगळं एका गँगने एकापाठोपाठ केलं तर भिंतींकडे बघायला वेळच उरत नाही. दोन गँग एकाच वेळी लावायला हव्यात आणि त्या माझ्याकडे नाहीत.

गेल्या वर्षी 26 मे रोजी मान्सून पुण्यात पोहोचला होता, ते आपल्या लक्षात असेलच. त्यामुळे 'जून लागायच्या आत होऊन जाईल' असा हिशोब मांडून कागद भरणं मला परवडणारं नाही. ओल्या कोब्यावर पाऊस पडला की सिमेंटचं पाणी वाहून जातं आणि दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावर डाग दिसतात. तो डाग माझ्या नावावर लागतो, ठेका कोणत्या घाईत घेतला होता ते कोणी विचारत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या कार्यालयातून फोन आला होता, की काम नको असेल तर निदान थोडा चढा दर टाकून कागद द्या, तीन निविदा पूर्ण होतील. अडचण समजते. सर्वसाधारण सभेपुढे तीन दर ठेवायचे असतात आणि तेवढे मिळाले नाहीत की सभासद प्रश्न विचारतात. पण मला करायचंच नाही अशा कामाचा दर मी भरला, तर तो दर कागदावर असून नसल्यासारखा. उद्या तुलनात्मक तक्त्यात माझ्या आकड्याशेजारी दुसऱ्याचा आकडा स्वस्त दिसेल, तो प्रत्यक्षात महाग असला तरी. असा कागद मी देत नाही आणि देणारही नाही. त्याऐवजी कमी निविदा आल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात करा आणि मुदत आठवडाभर वाढवा, हे केव्हाही बरं.

निविदेचा संच वाचल्यावर दोन सूचना द्याव्याशा वाटल्या. मला काम मिळणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पहिली, टेरेस आणि रंगकाम एकाच निविदेत बांधू नका. टेरेस पावसाआधी हवंच. रंग मात्र दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर लावला तर टिकतो, आणि वेगळा रंगारी मिळाला तर दरही कमी पडतो. दुसरी, पाण्याच्या टाकीखालचा भाग मोजमापात दिसत नाही. 'क' इमारतीत टाकीच्या पायांभोवतीच ओल उतरते, हे डक्टचं काम करताना पाहिलं होतं. ते मोजमापात नसेल तर ठेकेदार मध्येच जादा काम म्हणून बिल मांडेल आणि वाद होईल.

रविवार दि. 22 रोजीच्या जागापाहणीला मी येणार नाही. निविदेचा संच सोबत परत पाठवत आहे. तो बिनशुल्क होता, त्यामुळे आपल्याकडून परत काही यायचं नाही.

पावसाळ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरपासून, माझ्याकडे एक गँग मोकळी होईल. तेव्हा बाहेरच्या प्लास्टरचं वेगळं काम निघालं तर कृपया मला कळवा, दर आणि वेळ दोन्ही देईन. तोवर जिन्यात, बाथरूममध्ये काही किरकोळ गळती असेल तर रविवारी मिस्त्रीला पाठवून पाहता येईल. त्यासाठी निविदेची गरज नाही, फोन केला तरी पुरे.

आपला विश्वासू,
संजय
वॉटरप्रूफिंग व प्लास्टर काम, धायरी

ता.क. टेरेसचं दार फोडकामाच्या दिवसांत सभासदांना बंद ठेवावं लागेल. तेव्हा सोलर पॅनेल आणि डिश अँटेनावाल्यांना आधीच कळवून ठेवा, नाहीतर काम घेणाऱ्याचा पहिला आठवडा त्यातच जातो.