नव्या शिफ्ट सुपरवायझरांसाठी प्रशिक्षण, सत्र ३: काम सांगणं आणि ते पोहोचलं का हे तपासणं

वेळ: ९० मिनिटं. जागा: मशीन शॉपशेजारची मीटिंग रूम, शेवटचा सराव मशीनवर.

काल-परवापर्यंत तुम्ही स्वतः मशीन चालवत होतात. काम तुमच्या हातात होतं, म्हणून ते शब्दांत मांडायची गरज पडत नव्हती. आता तेच काम दुसऱ्याच्या हातून करून घ्यायचं आहे. या सत्रात एकच सवय लावून घ्यायची आहे: सांगून झाल्यावर समोरच्याकडून ते परत ऐकायचं.

प्रसंग १: "जरा बघून घे"

दुपारचे ३.२०. पहिली शिफ्ट सुटायला दहा मिनिटं आहेत. सुपरवायझर इन्स्पेक्टरला सांगतो, "तो फ्लँजचा लॉट जरा बघून घे, संध्याकाळच्या गाडीला लावायचाय." इन्स्पेक्टर दहा नग तपासतो, शिक्का मारतो, गाडी जाते. सुपरवायझरला मात्र सगळे २४० नग तपासून हवे होते, कारण दुपारी रीमर झिजलेला सापडला होता.

पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं जोडीने बोला: इन्स्पेक्टरला काय माहीत नव्हतं?

"बघून घे" या दोन शब्दांचे आपल्याकडे चार अर्थ होतात: नजर टाक, मोजून तपास, निस्तर, आणि तुझं तू ठरव. कोणता घ्यायचा हे ऐकणारा आपल्या सवयीने ठरवतो. इथे कारणही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याला शंका यायलाही जागा उरली नाही.

तेच असं सांगता आलं असतं:

"या क्रेटमध्ये २४० फ्लँज आहेत. दुपारी रीमर झिजलेला सापडला, त्यामुळे काही भोकं लहान पडली असतील. सगळे नग प्लग गेजने तपास. 'गो' बाजू आत जात नसेल तर नग लाल बिनमध्ये. सहापर्यंत हवंय. पाच नग नापास झाले तर तिथेच थांब आणि मला फोन कर."

बोलायला अर्धा मिनिट लागतो. "थांब आणि फोन कर" हे वाक्य नवे सुपरवायझर हमखास विसरतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

प्रसंग २: "समजलं ना?" "हो साहेब."

नवा हेल्पर, कामाचा तिसरा दिवस. त्याला १०० लिटरच्या टाकीत ५ टक्के कूलंट बनवायला सांगितलं. "समजलं ना?" "हो." त्याने आधी तेल ओतलं, वरून पाणी सोडलं. मिश्रण नीट एकजीव झालं नाही.

"समजलं ना?" या प्रश्नाला "नाही" म्हणायला हिंमत लागते. तिसऱ्या दिवशी चारचौघांत ती कुणाकडे असणार? म्हणून हा प्रश्न आजपासून बंद. त्याऐवजी म्हणा, "मी घाईत सांगितलं, काही राहिलं असेल. तू आधी काय ओतणार, किती?" त्याच्या तोंडून "आधी ९५ लिटर पाणी, मग ढवळत ५ लिटर तेल" आलं पाहिजे. नाही आलं तर पुन्हा सांगा, आवाज न चढवता. तो मराठी शिकतोय असा असेल तर आकडे सुटे बोला: "एकोणसाठ" नको, "पाच-नऊ".

ऐकलेलं परत म्हणून दाखवणं हे कमीपणाचं नाही. रेल्वेत दोन स्टेशन मास्तर लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पुढे सोडायची परवानगी, देताना निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून एकमेकांना प्रायव्हेट नंबर नावाचा गुप्त आकडा देतात आणि नोंदवून ठेवतात. २७ मार्च १९७७ला टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. त्यामागच्या कारणांत वैमानिकाचं संदिग्ध वाक्य होतं आणि त्यावर टॉवरचं "ओके" होतं. तेव्हा "ओके" आलं म्हणून निरोप पोहोचला असं धरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यालाही हेच लागू.

प्रसंग ३: वयाने मोठा ऑपरेटर

तुम्ही २७चे, ते ५४चे. तुम्हाला मशीन त्यांनीच शिकवलं. ड्रॉइंग बदललंय, चॅम्फर १ मिमीऐवजी दीड झालाय. "परत सांगा बघू" म्हणालात तर त्यांना ती परीक्षा वाटेल, आणि ते रास्तच आहे.

असं बोला: "काका, नवं ड्रॉइंग आलंय. मी वाचलंय, पण एकदा तुम्ही बघा. सेटिंगमध्ये कुठे कुठे फरक पडेल?" ते ऑफसेट सांगतील, कदाचित तुम्हाला न सुचलेली अडचणही सांगतील. समजल्याची खात्री झाली आणि मानही राहिला. पहिला नग मात्र दोघांनी मिळून मोजायचा.

सराव (३० मिनिटं, मशीनवर)

तिघांचे गट करा: एक सांगणारा, एक ऐकणारा, एक नोंद घेणारा. आज खरोखर द्यायचं असलेलंच काम निवडा. नोंद घेणाऱ्याने "जरा", "नीट", "लवकर", "नेहमीसारखं" हे शब्द किती वेळा आले ते मोजावं आणि ऐकणाऱ्याने परत सांगितलेलं जसंच्या तसं लिहावं. मग भूमिका बदला.

पुढच्या सोमवारपर्यंत रोज एक सूचना वहीत लिहा: मी काय सांगितलं, समोरच्याने काय परत सांगितलं, प्रत्यक्षात काय झालं. वही सत्र ४ला घेऊन या.